पूर ओसरल्यावर गावात आरोग्याची पाहणी: पहिले चार तास आणि पुढचे पाच आठवडे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला, पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ बंद पडला, कोल्हापूर शहराची पाणीयोजनाच पाण्याखाली गेली आणि सांगली-शिरोळकडचे लोक शाळा, मंगल कार्यालयं, साखर कारखान्यांची आवारं मिळेल तिथे जाऊन राहिले. त्यानंतर जो मदतीचा ओघ आला त्यात औषधांच्या पेट्याच पेट्या होत्या. मी तेव्हा एका वैद्यकीय टीमबरोबर शिरोळ भागात होतो. एका शाळेत पोचलो तर व्हरांड्यात खोकल्याच्या सिरपचे खोके छताला टेकलेले आणि इन्सुलिन मात्र एकाही खोक्यात नाही, आणि त्याच शाळेत एक आजी पिशवीत इन्सुलिनचं रिकामं पेन घेऊन चार दिवस बसलेल्या. कुणी विचारलंच नव्हतं त्यांना. म्हणून ही पाहणी कशी करायची ते सविस्तर लिहितोय. सरकारी आरोग्य कर्मचारी, प्रायव्हेट डॉक्टर, मेडिकल कॉलेजची पोरं, मंडळाचे कार्यकर्ते, सगळ्यांना यातलं काहीतरी कामाला येईल.

पूर्ण लेखभर एकच गाव उदाहरणाला धरतो म्हणजे हिशोब कळेल. गाव नदीकाठचं, लोकसंख्या ४२००, निम्मं पाण्यात गेलेलं. हायस्कूलमध्ये ६४० लोक, मंगल कार्यालयात ३५०, बाकीचे पाव्हण्यांकडे नाहीतर गावातच वरच्या गल्लीत. हे आकडे हिशोबासाठी घेतलेत, गाव खरं शोधत बसू नका.

निघायच्या आधी: अर्धा तास कागदावर

गाडीत बसायच्या आधी पीएचसीला किंवा टीएचओ म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसला फोन लावा आणि तीन गोष्टी मागा. गावाच्या आशाताई कोण, त्यांचा नंबर आणि त्या स्वतः कुठे आहेत (त्यांचं घरही पाण्यात असू शकतं हे लोक विसरतात). गरोदर बायकांची आणि दोन वर्षांखालच्या मुलांची यादी. आणि टीबी, एचआयव्ही, डायलिसिस, इन्सुलिनवाले पेशंट कोण. ही माहिती गावागावात आधीच असते, रजिस्टर भिजलं असेल तरी नर्सताईंच्या मोबाईलमध्ये फोटो असतो किंवा सरळ तोंडपाठ असतं. एचआयव्हीची नावं मात्र यादीत फिरवायची नाहीत, ती नर्सताईंकडेच राहू द्या, आपल्याला फक्त किती जणांच्या गोळ्या संपतायत तो आकडा पुरतो.

यादी मिळाली की ती बरोबर आहे का हे ताडून बघायचं, तेही सोपं आहे. महाराष्ट्रात दर हजारी वर्षाला साधारण १५ जन्म धरले तर ४२०० च्या गावात वर्षाला ६०-६५ बाळंतपणं, म्हणजे कुठल्याही दिवशी ४५ च्या आसपास बायका गरोदर असणार आणि त्यातल्या ५ येत्या महिन्यात बाळंत होणार. आता कॅम्पमध्ये जाऊन तुम्ही गरोदर कोण विचारलं आणि १२ जणींनी हात वर केला, तर "१२ आहेत" असं लिहून मोकळं होऊ नका. बाकीच्या तीसेक जणी कुठे गेल्या हा खरा प्रश्न आहे. बहुतेक माहेरी नाहीतर पाव्हण्यांच्या माडीवर असतात आणि तिथे कुठलाच मेडिकल कॅम्प पोचत नाही.

टीम मोठी नको. एक डॉक्टर, एक नर्स किंवा आशा जी त्याच गावची आहे, एक जण पाण्याचं बघणारा (ग्रामसेवक नाहीतर जलसुरक्षक) आणि एक लिहून घेणारा. दहा-बारा जण गेलात की लोकांना वाटतं वाटप आहे, रांग लागते आणि पाहणी तिथेच संपते. आणि बाईमाणूस टीममध्ये पाहिजेच, कारण संडासाचं, पाळीचं आणि रात्री भीती वाटते का याचं उत्तर पुरुषाला कुणी देत नाही.

पहिले चार तास: हंड्याच्या मागोमाग चालायचं

आधी सरपंच, पोलीस पाटील यांना भेटायचं हे खरं, पण पंधरा मिनिटं बास. तिथे किती लोक कुठे राहतायत एवढंच विचारा आणि आकडा स्वतः मोजून घ्या, कारण वाटपासाठी सांगितलेला आकडा आणि रात्री झोपणाऱ्यांचा आकडा यात फरक असतो. आपल्याला रात्रीचा पाहिजे. खोल्या मोजा, दोन-तीन खोल्यांमध्ये माणसं मोजा, गुणाकार करा. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर उभा राहतो.

मग पाण्यापासून सुरुवात करा. पाणी कुठून येतं, टँकर कुठे भरतो, कशात ओततात, लोक कशाने काढतात, खोलीत कशात ठेवतात, या वाटेनं अक्षरशः एका बाईच्या हंड्याच्या मागोमाग चालत जा. मग संडासाकडे. मग सांडपाणी कुठे साठतंय तिकडे. मग स्वयंपाक चाललाय तिथे. या फेरीला तासभर लागतो आणि फॉर्म भरून जे कळत नाही ते यात दिसतं. मंगल कार्यालयाला सहा संडास आहेत असं सरपंच सांगतात, जाऊन बघितलं तर दोनांना कुलूप, एक तुंबलेला आणि बायकांच्या बाजूला बल्बच नाही, म्हणजे रात्री बायका उसाच्या कडेला जाणार, आणि पुरानंतर उसाच्या कडेला काय असतं ते खाली सांगतो.

तिसरा टप्पा दवाखाना. पीएचसी किंवा उपकेंद्र चालू आहे का एवढं विचारून भागत नाही. लाईट किती तास होती आणि लस ठेवायच्या फ्रीजचं काय झालं, लसीच्या बाटलीवरचा उष्णतेनं रंग बदलणारा चौकोन गडद झालाय का, सापाच्या विषावरचं इंजेक्शन किती बाटल्या आहे, सलाईन किती, ॲम्ब्युलन्स कुठल्या रस्त्यानं कुठपर्यंत जाते, आणि स्टाफपैकी किती जण स्वतः पूरग्रस्त आहेत. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आकड्यात घ्या. "पुरेसा साठा आहे" हे उत्तर नाही.

चौथा टप्पा लोकांशी बोलायचं. इथे सगळीकडून थोडंथोडं विचारून सरासरी काढायचा मोह होतो, तो टाळा. पहिल्या दिवशी सर्व्हे करायचा नसतो. मुद्दाम सगळ्यात वाईट जागा निवडा, म्हणजे गावाबाहेरची वस्ती, ऊसतोड कामगारांची किंवा वीटभट्टीवाल्यांची पालं, ज्यांचं रेशनकार्ड इथलं नाही ते लोक. एक मधली जागा घ्या आणि एक बरी. तिन्हीचं वेगवेगळं लिहा. एकत्र केलं की "परिस्थिती साधारण ठीक" असं वाक्य तयार होतं आणि पालावरची माणसं त्या वाक्यात गायब होतात.

संध्याकाळी बसून एक पान लिहायचं, एकच. डावीकडे काय दिसलं, मध्ये काय करायचं, उजवीकडे कोण करणार आणि कधीपर्यंत. माझ्या मते ज्या ओळीच्या उजवीकडे नाव नाही ती ओळ खोडून टाकावी, कारण तिचं काही होणार नसतं. हीच पाहणी चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी परत करायची, कारण गाव दर दोन दिवसांनी बदलतं.

पाणी: टँकरपाशी टेस्ट करून समाधान मानू नका

आता हायस्कूलचा हिशोब. माणशी दिवसाला १५ लिटर हे जगभर मदतकार्यात धरलं जाणारं किमान माप आहे, पिणं, स्वयंपाक आणि अंग धुणं धरून. ६४० गुणिले १५ म्हणजे ९६०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर रोज. बाटलीबंद पाणी कितीही आलं तरी ते पिण्यापुरतं, हात धुवायला कुणी बिसलरी वापरत नाही आणि जुलाब हातातूनच पसरतात. संडासाचं माप सुरुवातीला ५० माणसांना एक आणि लवकरात लवकर २० माणसांना एक. ६४० ला ५० ने भागलं की १३ संडास, हायस्कूलला चालू आहेत ६. म्हणजे आजच्या आज सात फिरते संडास मागवायचे हा निर्णय झाला, त्यासाठी अहवालाची वाट बघायची गरज नाही.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचं बघू. चांगल्या ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं आणि १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम पुरते, पण ते स्वच्छ पाण्याला. पुराच्या पाण्यात गाळ आणि घाण असते, ती क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून दुपटीनं सुरू करा. दहा हजारच्या टँकरला ५० ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावर मोजा, मुठीनं नको. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी घ्या आणि मग पावडर. पोत्यात ओल गेलेली पावडर असेल तर तिची ताकद गेलेली असते आणि पुरात पोती भिजलेलीच असतात ग्रामपंचायतीची, त्यामुळे वजन बरोबर घालूनही पाण्यात क्लोरीन सापडत नाही.

विहिरीचं माप घरच्या घरी निघतं. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्याच आकड्यानं गुणा, मग पाण्याची खोली गुणा, मग ०.७८५ ने गुणा, आलं ते घनमीटर. ४ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी म्हणजे ६३ घनमीटर, ६३ हजार लिटर. दुपटीच्या हिशोबानं ३०० ग्रॅमच्या वर थोडी पावडर. ती कोरडी विहिरीत फेकायची नाही. बादलीत आधी लगदा करा, मग पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोरानं विहिरीत खालीवर करत सोडा. तासभर कुणी पाणी भरायचं नाही.

मग पाण्यात क्लोरीन उरलंय का ते सांगणारी ओटी टेस्ट. नळीत पाणी, किटवर लिहिलेत तेवढे थेंब, पिवळा रंग आला का बघायचं. लगेच आलेला पिवळा कामाचा, पाचेक मिनिटांनी हळूहळू येणारा नाही. आपल्याला पाहिजे लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम, पण कुठे? सगळे टँकरच्या तोटीला टेस्ट करतात, पिवळं येतं, फोटो ग्रुपवर पडतो, झालं. ती टेस्ट खोलीतल्या हंड्यात करायची, तीही संध्याकाळी. आमच्या मंगल कार्यालयात टँकरला छान पिवळं आणि हंड्यात पांढरं फटक, कारण मधे एक उघडा प्लॅस्टिकचा ड्रम होता आणि दिवसभर पोरं त्यात ग्लास बुडवत होती. पावडर वाढवून हे सुटत नाही. ड्रमला झाकण आणि तोटी बसवली की सुटतं, दोनशे-तीनशे रुपयांचं काम आहे.

आकडे: किती आले ते सोडा, कितीपैकी आले ते लिहा

कॅम्पमध्ये रोज संध्याकाळी एका वहीत आठ रकाने भरायचे: पाण्यासारखे जुलाब, रक्ताची आव, नुसता ताप, ताप आणि कावीळ, ताप आणि पुरळ, खोकला-धाप, साप किंवा जखम, मृत्यू. पाच वर्षांखालचे वेगळे. यापेक्षा जास्त रकाने केलेत तर तिसऱ्या दिवशी वही भरणं बंद होतं. सरकारी यंत्रणेचं ऑनलाईन रिपोर्टिंग असतंच, वही त्याला पूरक.

बाहेरून आलेली मेडिकल शिबिरं "आज ३८० पेशंट तपासले" असा आकडा देतात. तो बिनकामाचा आहे, स्पष्टच सांगतो. एकच मावशी सकाळी एका शिबिरात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या, तिन्हीकडून कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन जाते. मावशीचं काही चुकलं नाही, पण आकडा खोटा झाला.

आता बघा. तीन दिवसांत हायस्कूलमध्ये जुलाबाचे ९ पेशंट, मंगल कार्यालयात ८. वरवर हायस्कूल जास्त वाईट. पण ६४० पैकी ९ म्हणजे हजारी १४ आणि ३५० पैकी ८ म्हणजे हजारी २३. डॉक्टर, टँकर, लक्ष सगळं कार्यालयाकडे वळवायला पाहिजे, आणि तिथेच तो उघडा ड्रम सापडला.

मृत्यूचंही तसंच. आणीबाणीची रेषा दहा हजारी दिवसाला एक मृत्यू अशी धरतात. ४२०० च्या गावात त्याचा अर्थ आठवड्याला ३. एरवी अशा गावात वर्षाला पंचवीसेक मृत्यू होतात, म्हणजे दोन आठवड्यांत एखादा. तेव्हा एका आठवड्यात तिघं गेले असं पोलीस पाटलांनी सांगितलं की "म्हातारी माणसं होती, व्हायचंच" असं म्हणून पुढे जायचं नाही, तिन्ही घरी जाऊन विचारायचं. बऱ्याचदा त्यातला एक बीपी-शुगरची गोळी बंद झालेला निघतो.

काही गोष्टींना मात्र हिशोब लागत नाही, एकच केस पुरे. पाच वर्षांवरचं माणूस, विशेषतः मोठं माणूस, भाताच्या पेजेसारख्या जुलाबांनी काही तासांत खोल डोळ्यांचं आणि गार पडलेलं झालं तर कॉलरा समजूनच चालायचं. अँटिबायोटिक द्यायच्या आधी शौचाचा नमुना घ्या, पण उपचार नमुन्यासाठी थांबवू नका. असा ५० किलोचा पेशंट तोंडानं पिऊ शकत नसेल तर त्याला रिंगर लॅक्टेट किलोला १०० मिली, म्हणजे ५ लिटर लागतं, तेही तीन तासांत, त्यातलं दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात. अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या झाल्या. आता पीएचसीत कुणी "सलाईनच्या वीस बाटल्या आहेत, भरपूर" म्हणालं, तर त्या दोन पेशंटच्या आहेत.

बाकीच्या बहुतेक जुलाबांना ओआरएस बास, मुलांना त्याबरोबर झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवरच्यांना २० मिलिग्रॅम आणि त्याखालच्यांना १०. एक गंमत सांगतो, गंमत कसली, डोक्याला ताप. मदतीत दोन प्रकारची पाकिटं येतात, मोठं एक लिटरचं आणि छोटं २०० मिलीचं, ग्लासभर पाण्याचं. छोटं पाकीट लिटरच्या बाटलीत टाकलं की नुसतं पाणीच होतं आणि मोठं ग्लासात टाकलं की मिठाचा विषारी डोस, लहान मुलाला तर फारच वाईट. एका खोलीत एकच प्रकार वाटा. टेट्रापॅकमधली गोड "ओआरएस"सारखी सरबतं वेगळी काढून ठेवा, जुलाब वाढतात त्यानं.

नियमित औषधं आणि बाळंतपणं

पहिल्या आठवड्यात साथीपेक्षा लवकर माणसं जातात ती बंद पडलेल्या औषधांनी. पूर येताना लोक म्हशी सोडवतात, कागद घेतात, गोळ्यांचा डबा फडताळातच राहतो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी प्रत्येक खोलीत जाऊन एकच प्रश्न मोठ्यानं विचारायचा: रोज कुठली गोळी किंवा सुई घ्यायला लागते आणि शेवटची कधी घेतली? स्ट्रिप हरवली असेल तर गावच्या मेडिकलवाल्याला फोन लावा, त्याला कोण काय नेतं ते माहीत असतं. पहिला क्रम इन्सुलिन, फिटची गोळी, डायलिसिस, टीबी, एचआयव्ही. डायलिसिसवाल्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा मशीन लागतं, तो रस्ता बंद व्हायच्या आधी किंवा बोटीनं शहराकडे हलला पाहिजे, दोन वाऱ्या चुकल्या की खेळ संपतो. इन्सुलिन ठेवायला फ्रीज नसेल तर माठाच्या बुडाशी ओल्या कापडात, प्लॅस्टिक पिशवीत बांधून. काही आठवडे चालतं, बर्फात मात्र गोठवू नका.

त्या ५ बायका ज्यांचे दिवस भरत आलेत त्यांना कॅम्पमध्ये ठेवून वाट बघायची नाही, रस्ता चालू असेल तेव्हाच दवाखान्याजवळच्या पाव्हण्यांकडे हलवायचं. रात्री दोनला कळा सुरू झाल्यावर बोट शोधणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. २०१९ ला ब्रह्मनाळला दिवसाढवळ्या, ८ ऑगस्टला, माणसांनी भरलेली बोट उलटून कितीतरी जीव गेले होते.

आणि तान्ह्या बाळांसाठी दूध पावडर वाटू नका. कुणी कितीही चांगल्या मनानं आणली तरी. आई पाजत असते, पावडर मिळाली की बाटली येते, बाटलीत ते हंड्यातलं पाणी जातं, चार दिवसांनी बाळ जुलाबानं दवाखान्यात. आईला दोन वेळ नीट जेवण आणि आडोशाची जागा द्या.

साप

पाणी चढलं की नाग, घोणस, मण्यार सगळे उंचावर येतात, म्हणजे जिथे माणसं आलीयत तिथेच. घोणस चावली की कळतं, सूज आणि दुखणं असतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा काही कळतच नाही, सकाळी पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो आणि डोळ्यांच्या पापण्या उचलत नाहीत. कॅम्पमध्ये सकाळी असा पेशंट आला की ॲसिडिटीची गोळी देऊन परत पाठवू नका, हीच चूक जीव घेते. झोपताना मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपलं तर डास आणि मण्यार दोन्हीपासून वाचता येतं. चावलेल्याला आवळून बांधू नका, कापू नका, हातपाय हलू न देता दवाखान्यात न्या. तिथे विषावरच्या इंजेक्शनच्या सुरुवातीलाच दहा बाटल्या लागू शकतात, म्हणून पाहणीत बाटल्या मोजायच्या.

दुसरा-तिसरा आठवडा: चिखल उपसणाऱ्यांचा ताप

पाणी उतरतं, टीव्हीवाले जातात, लोक खराटे घेऊन घरात शिरतात आणि लेप्टोची वेळ सुरू होते. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून जंतू चिखलात येतो आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून आत जातो. ताप यायला सहसा ५ ते १४ दिवस लागतात, कधी महिनाही. मुंबईत २६ जुलै २००५ नंतर हेच झालं होतं. या तापाच्या पेशंटचं सांगणं ठराविक असतं: डोकं फुटतंय, पोटऱ्या दाबल्या तर ओरडतो, डोळे लाल पण चिपड नाही. पोटऱ्या दाबून बघणं फुकट आहे, प्रत्येक तापाच्या पेशंटला करा. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली किंवा थुंकीत रक्त आलं तर तिथून थेट मोठं हॉस्पिटल.

प्रतिबंधाला मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर आणि लगेच आडवं व्हायचं नाही. चिखलात रोज काम चालू असेल तर आठवड्यातून एकदा. ही गोळी सरसकट अख्ख्या गावाला वाटायची नाही. जे पाण्यातून चाललेत, जे घर-गोठा साफ करतायत, सफाई कामगार, बोटवाले, त्यांची यादी करायची. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना डॉक्सी नको, त्यांचं डॉक्टर वेगळं ठरवतील. आणि गोळी घेतली म्हणून गमबूट सोडायचे नाहीत. बाहेरून आलेले स्वयंसेवक इथे नेहमी सुटतात. पुण्या-मुंबईची पोरं चार दिवस चिपळूण नाहीतर सांगलीत चिखल उपसून घरी जातात आणि दहाव्या दिवशी तिकडच्या डॉक्टरकडे "व्हायरल" म्हणून बसतात. निघताना प्रत्येकाला सांगा, महिनाभरात ताप आला तर पुराच्या चिखलात होतो हे पहिलं वाक्य बोलायचं.

गोवर आणि डासांचं थोडक्यात. कॅम्पमध्ये मुलं दाटीनं राहतात म्हणून लसीकरणाची यादी बघून राहिलेल्यांना गोवर-रुबेलाची लस पहिल्याच आठवड्यात द्या, पुरळ-तापाची एक केस दिसली तरी वर कळवा. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो, त्यामुळे फॉगिंगचा धूर पहिल्या आठवड्यात फोटोपुरताच. त्यापेक्षा दहाव्या दिवसापासून टायर, फुटके डबे, मदतीत आलेले ड्रम पालथे घालायला पोरं लावा. रस्त्याच्या कडेनं पांढऱ्या पावडरीच्या रेघा मारतात त्यानंही काही होत नाही, तीच पावडर पाण्यात घालायला कमी पडते. आणि मेलेल्या जनावरांमुळे साथ येणार ही भीती लोकांत फार असते. जनावर पाण्याच्या जागेपासून लांब खोल पुरा, विहिरीत पडलं असेल तर आधी तेच काढा, पण त्यासाठी पाण्याचं काम थांबवून जेसीबीच्या मागे धावू नका.

पाचवा आठवडा

कावीळ यायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणजे पुराच्या आठवड्यात प्यायलेल्या पाण्याचा हिशोब सप्टेंबरमध्ये येतो, तेव्हा कॅम्प उठलेला असतो, टँकर बंद झालेला असतो आणि वहीही कुणीतरी कपाटात टाकलेली असते. ई प्रकारच्या काविळीत गरोदर बाई वाचवणं अवघड होतं. त्यामुळे कॅम्प बंद करताना वही आशाताईंकडे द्या आणि रकाने कमी करून चारच ठेवा: जुलाब, ताप, कावीळ, मृत्यू. आठवड्यातून एक दिवस दहा घरच्या हंड्यांची ओटी टेस्ट. गावाच्या नळयोजनेची पाईप गटारातून जाते ती जागा पहिल्या दिवशीच्या फेरीत तुम्ही बघितलेली असणार. पूर येऊन गेला की त्या जोडाची माती वाहून जाते आणि पाणी बंद असतं त्या तासांत गटार आत ओढलं जातं, म्हणून नळाला पहिली पाच मिनिटं येणारं पाणी कुठल्या गल्लीत वास मारतं ते बायकांना विचारा. त्या गल्लीतूनच खोदायला सुरुवात करा.